बारवेच्या फोटोत पाणी आम्ही भरलंय, हे दृष्टिहीन वाचकाला कसं कळवायचं?

सेलूची_लेक

परभणी जिल्ह्यातल्या एका गावची दगडी बारव साफ करायची आहे, त्यासाठी लोकवर्गणीचं पान तयार करतोय. पानावर तीन चित्रं आहेत.

पहिलं जसं काढलं तसं. चौकोनी बारव, तळात प्लास्टिक आणि राडारोडा, मधोमध वेड्या बाभळीची झुडपं, वरून विजेची तार गेलेली. दुसऱ्यात मोबाइलमधल्या पुसायच्या सोयीने कचरा, झुडपं आणि तार काढली आहे. तिसऱ्यात निम्म्यापर्यंत पाणी, पायऱ्यांवर पणत्या आणि घागर घेतलेल्या दोन बायका घातल्या आहेत. हे पाणी आणि माणसं संगणकाने बनवलेली आहेत.

वर्गणी देणाऱ्यांत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, वापरणारे काही जण आहेत. तिसऱ्या चित्राला मी असा ऑल्ट, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं चित्राचं वर्णन, लिहिलाय: "स्वच्छ पाण्याने भरलेली आमच्या गावची सुंदर प्राचीन बारव (संपादित)". एवढं पुरेल का? की खालच्या कॅप्शनमध्येही लिहायचं?

फोटोओळ_जालना

ताई, सोपं आहे. फोटोओळीत "संपादित छायाचित्र" असं लिहून टाका, वृत्तपत्रात तसंच चालतं. ऑल्टमध्ये फक्त चित्रात जे दिसतं तेच लिहायचं असतं. आणि ऑल्ट १२५ अक्षरांच्या वर गेला तर स्क्रीन रीडर तो कापतो, त्यामुळे तिथे पाल्हाळ नको.

कानोसा

जालनाकर काका, फोटोओळीत सांगायलाच हवं हे शंभर टक्के बरोबर. डोळस वाचकालाही पाणी खोटं आहे हे कळायला पाहिजे, आणि त्याला ऑल्ट दिसत नाही. पण बाकीच्या दोन गोष्टी जुळत नाहीत.

१२५ चा आकडा जॉज या स्क्रीन रीडरच्या जुन्या आवृत्त्यांमुळे रूढ झाला. त्या लांब ऑल्टचे तेवढ्या तेवढ्या अक्षरांचे तुकडे करून वाचायच्या. एचटीएमएलच्या प्रमाणात अशी मर्यादा नाही आणि एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर पुढचा मजकूर टाकून देत नाही. छायाचित्राच्या फाइलमध्येच ऑल्ट साठवायचा असेल तर फोटोतल्या नोंदींचे नियम ठरवणाऱ्या आयपीटीसी या संस्थेने २५० अक्षरांच्या आत राहायला सुचवलंय, एक्सवर १००० पर्यंत जागा मिळते. यात मराठीची गोची अशी की काना, मात्रा, हलंत सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "पायऱ्या" डोळ्याला तीन अक्षरं, यंत्राला सात. म्हणून आकडा धरून बसू नका. दोन-तीन वाक्यांत बसवा.

आता "दिसतं तेच लिहा" याबद्दल. ऐकणाऱ्याला चित्र एका ओळीत, पुढून मागे मिळतं. आधी ऑल्ट, मग कॅप्शन. ऑल्टने "पाण्याने भरलेली बारव" असं ठाम सांगितलं की डोक्यात बारव भरते. मग खाली कॅप्शन म्हणतं, संपादित. काय संपादित? उजेड वाढवला की पाणी घातलं? शिवाय `G` कळ दाबत एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर उड्या मारणारे पुष्कळ असतात, ते कॅप्शनपर्यंत पोचतीलच असं नाही. म्हणून खरं-खोट्याची पहिली खूण ऑल्टच्या पहिल्या शब्दांतच यावी.

ताई, तुमच्या मजकुरात अजून एक खोच आहे: कंस. एनव्हीडीएच्या नेहमीच्या विरामचिन्हांच्या पातळीवर कंस उच्चारलाच जात नाही. अवतरणचिन्हांचंही तेच. "पाण्याने (काल्पनिक) भरलेली बारव" हे कानाला "पाण्याने काल्पनिक भरलेली बारव" असं येतं. तारांकन लावून खाली टीप दिली तर "स्टार" असं मध्येच ऐकू येतं आणि टीप कुठे आहे हे शोधत बसावं लागतं. खरं-खोटं सांगणारा शब्द चिन्हावर सोडू नका, त्याला स्वतःचं वाक्य द्या. पूर्णविरामाला आवाज थांबतो, तेवढा विसावा पुरतो.

नळदुर्गचा_बुरूज

मी जरा वेगळं विचारायलोय. फोटोच्या कोपऱ्यात "काल्पनिक चित्र" असं पांढऱ्या अक्षरांत टाकलं की झालं ना? ऑल्ट म्हणजे तेच ना? आमच्या मंडळाच्या सगळ्या बॅनरवर आम्ही कोपऱ्यात नाव टाकतो.

कानोसा

नाही दादा. फोटोवर छापलेली अक्षरं स्क्रीन रीडरच्या लेखी रंगाचे ठिपके. एनव्हीडीएत `NVDA+R` दाबून विंडोजच्या ओसीआरकडून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सोयीकडून, ती वाचून घेता येतात, पण चित्रात काही लिहिलंय अशी शंका आली तरच माणूस ते दाबणार. ऑल्ट चित्रामागे वेगळा लिहितात, तो पडद्यावर दिसत नाही.

कोपऱ्यातली अक्षरं काढू मात्र नका. चित्र व्हॉट्सॲपवर गेलं की ऑल्ट मागेच राहतो, तिथे ऑल्ट लिहायची जागाही नाही. कॅप्शन जातं, पण पुढे ढकलताना ते काढून टाकता येतं. मग चित्राला चिकटून उरतात ती कोपऱ्यातली अक्षरंच. ती ठसठशीत आणि सपाट पार्श्वभूमीवर असली तर ओसीआरलाही सापडतात. दगडी भिंतीवर पांढरी बारीक अक्षरं टाकली तर कुणालाच नाही.

लातूरचा_फोटोवाला

मजकुरावर चर्चा चालू द्या, पण त्याच्या आधीची पायरी सगळे विसरायलेत. काय बदललंय याची यादी आधी पक्की करा. मोबाइलच्या पुसणीने आणि भरणीने नेमकं कुठं कुठं हात मारलाय हे डोळ्याने कळत नाही, आणि आपण ऑल्टमध्ये छातीठोक लिहून बसतो.

गिम्प या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मूळ फोटो उघडा. मग `File > Open as Layers` ने बदललेला फोटो त्याच्यावर घ्या. वरच्या थराचा `Mode` बदलून `Difference` करा. जिथं दोन्ही सारखे तिथं काळं, जिथं फरक तिथं उजळ. सगळंच अंधारं वाटलं तर दिसतंय त्याचा `Layer > New from Visible` ने एक थर करा आणि त्याच्यावर `Colors > Levels` मधलं उजवं टोक डावीकडं ओढा, बारीक फरकही वर येतात.

तीन गोष्टी फसवतात. दोन्ही फोटो एकाच मापाचे पाहिजेत. बरीच मोबाइल ॲपं बदललेला फोटो लहान करून साठवतात, तो आधी मूळ मापाला आणा. एका ठिपक्याचाही सरकाव असला तर प्रत्येक दगडाची कड चमकते, मग समजावं की जुळणी चुकलीय, फेरफार नाही. दुसरं, जेपेगमध्ये परत साठवल्याने सगळीकडं बारीक दाणे दिसतात, ते सोडून द्या. तिसरं, उजेड वाढवलेला असेल तर आख्खा फोटोच उजळतो आणि काही कळत नाही. म्हणून उजेडाच्या आधीची प्रत जपून ठेवत जा.

एक गोष्ट आधीच सांगतो. दुसऱ्या फोटोत कचरा पुसल्यावर खाली पायऱ्या दिसायल्यात ना? त्या तुमच्या बारवेच्या पायऱ्या न्हाईत. कचऱ्याखाली काय आहे हे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही. ॲपने आजूबाजूच्या पायऱ्या बघून तशाच रेघा खाली ओढल्या. खाली सरळ पायऱ्या असतील, मोठा टप्पा असेल, नुसती मातीही असेल. कुणी त्या मोजून "एवढ्या पायऱ्यांची बारव" असं लिहून मोकळं व्हायचं.

सेलूची_लेक

हे करून पाहिलं. दुसऱ्या चित्रात तुम्ही म्हणता तसंच आहे, तळाकडचा साधारण एक तृतीयांश भाग उजळतो. तारेच्या जागी आकाशात बारीक पट्टा.

तिसऱ्यात मात्र भलतंच निघालं. पाणी, पणत्या, बायका तर उजळतातच, पण डाव्या भिंतीतला देवकोष्ठही पूर्ण उजळतो. पाणी त्याच्या खूप खाली आहे. मोठं करून पाहिलं तर मूळ फोटोत कोनाडा रिकामा आहे, वरच्या दगडाला तडा आहे. बदललेल्यात तडा गेलाय आणि आत मूर्तीसारखं काहीतरी उभं आहे. आम्ही तिथे हातही लावला नव्हता.

लातूरचा_फोटोवाला

हेच ते. काही ॲपं निवडलेला भागच भरतात, काही आख्खं चित्र नव्याने काढून देतात आणि वरवर सारखंच दिसतं. रिकामा कोनाडा दिसला की त्यांना मूर्ती सुचते.

याला ऑल्टमध्ये सांगत बसू नका, चित्रच दुरुस्त करा. बदललेला फोटो खाली, मूळ फोटो त्याच्यावर. वरच्या थराला `Add Layer Mask` देऊन पांढरा मास्क घ्या आणि फक्त पाणी, पणत्या, बायका जिथं आहेत तिथं काळा ब्रश फिरवा. बाकी सगळं मूळ राहतं, तडाही परत येतो. पाण्याच्या काठाला ब्रश मऊ ठेवा, नाहीतर कापल्यासारखं दिसतं. मग परत `Difference` लावून बघा, कोनाडा काळा झाला पाहिजे.

कानोसा

सहमत. वर्गणीच्या पानावर रिकाम्या देवकोष्ठात मूर्ती दाखवणं हे नुसतं सजावटीचं काम राहत नाही. उद्या कुणी विचारेल, मूर्ती होती ती गेली कुठे? गावात त्यावरून दोन तट पडायला वेळ लागत नाही.

यादी हातात आल्यावर मजकूर असा. दुसरं चित्र, ऑल्ट:

"फेरफार केलेले छायाचित्र. वरून दिसणारी चौकोनी दगडी बारव, तळ कोरडा. तळातला कचरा, झुडपे आणि वरची तार पुसली आहे. तळाकडच्या एक तृतीयांश भागातल्या पायऱ्या खऱ्या नाहीत, संगणकाने अंदाजाने भरल्या आहेत."

त्याखालचं कॅप्शन: "कचरा आणि झुडपे संगणकावर काढली आहेत. बारव अजून साफ झालेली नाही. सध्याची स्थिती पहिल्या छायाचित्रात."

दोन्हींत तेच ते शब्द घातलेले नाहीत, हे बघा. कॅप्शन सगळ्यांसाठी आहे, म्हणून तिथे चित्राचा अर्थ बदलणारी गोष्ट: साफसफाई झालेली नाही. ऑल्टमध्ये कुठला भाग खरा, कुठला भरलेला. डोळस माणूस पहिलं आणि दुसरं चित्र शेजारी ठेवून फरक ताडू शकतो. माझ्यासारख्या ऐकून वाचणाऱ्याला तो शब्दांतच द्यावा लागतो.

तिसरं चित्र, दुरुस्तीनंतर:

"कल्पनाचित्र, बारवेच्या खऱ्या छायाचित्रावर बेतलेले. कठडा, वरच्या पायऱ्या आणि डाव्या भिंतीतला रिकामा देवकोष्ठ खरे आहेत. निम्म्यापर्यंतचे पाणी, पायऱ्यांवरच्या पणत्या आणि घागर घेतलेल्या दोन बायका संगणकाने बनवल्या आहेत."

कॅप्शन: "बारव साफ होऊन पाणी साठले तर अशी दिसेल, अशी कल्पना. पाणी, पणत्या आणि माणसे खरी नाहीत."

"सुंदर", "प्राचीन" काढलं. प्राचीन किती हे ठाऊक असेल तर लेखात लिहा, चित्रावरून ते कळत नाही.

सेलूची_लेक

बायकांच्या लुगड्याचे रंग, दागिने हे लिहू का? पहिल्या मसुद्यात "हिरव्या नऊवारीतली" असं होतं. चित्र डोळ्यांपुढे उभं राहावं म्हणून.

कानोसा

बनवलेल्या गोष्टीचं वर्णन जितकं बारीक, तितकी ती खरी वाटते. मी ऐकताना "दोन बायका बनवलेल्या" एवढ्यावर त्या बाजूला ठेवतो. "हिरव्या नऊवारीतली, नाकात नथ" म्हटलं की गावातल्याच कुणीतरी वाटतात. खऱ्या भागाला तपशील द्या: तडा गेलेला दगड, रिकामा कोनाडा. बनवलेल्याचं नाव सांगा आणि पुढे जा.

नऊवारीवरच चर्चा चालू असेल, उदाहरणार्थ नाटकाच्या पोस्टरमध्ये, तर अर्थातच वेगळं.

गोदाकाठ_नांदेड

विषय निघालाच आहे तर माझंही सांगा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला आम्ही १९४८ च्या काळातले जुने कृष्णधवल फोटो रंगीत करून फेसबुकवर टाकतो. घरातल्याच वडीलधाऱ्यांचे फोटो आहेत, कुठून उचललेले नाहीत. त्यात खोटं काय? माणसं तीच, जागा तीच. ऑल्ट फेसबुक आपोआप लिहितंच.

लातूरचा_फोटोवाला

रंग अंदाजाचे असतात काका. काळ्या-पांढऱ्यात गडद लाल आणि गडद हिरवा जवळपास एकच करडा दिसतो, त्यामुळं टोपी, फेटा, झेंडा कुठल्या रंगाचा हे त्या फोटोवरून काढता येत नाही.

पण रंगापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच असती. ही ॲपं रंग भरताना चेहरा "सुधारून" देतात. मूळ फोटोत चेहरा दहा-बारा ठिपक्यांचा धूसर डाग असतो, त्यातून पापण्या, मिशीचे केस, सुरकुत्या तयार होऊन येतात. तो चेहरा कुणाचाच नसतो. नातवंडं म्हणतात आजोबा हुबेहूब, आणि दोन गावं सोडून दुसऱ्या कुणाच्या आजोबालाही तसलीच मिशी निघती. चेहरा सुधारायचा पर्याय बहुतेक ठिकाणी वेगळा बंद करता येतो. तो बंद करा, नुसते रंग ठेवा.

कानोसा

फेसबुकच्या आपोआप ऑल्टवर भिस्त ठेवू नका. तो चित्रात काय असावं याचा अंदाज सांगतो, एवढी माणसं, घराबाहेर, असं. मूळ काय होतं हे त्याला माहीत असायचं कारण नाही. सेलूच्या ताईंच्या तिसऱ्या चित्राला तो पाणीच म्हणेल. पोस्ट टाकताना चित्रावरच्या संपादनात ऑल्ट बदलायची सोय आहे, तिथे स्वतः लिहा.

तुमच्या फोटोला मी असं लिहीन: "मूळ कृष्णधवल छायाचित्र, रंग नंतर संगणकाने अंदाजाने भरले. वाड्याच्या दारात उभे पाच पुरुष, दोघांच्या डोक्यावर टोपी, मधल्याच्या हातात झेंडा." रंगांची नावं ऑल्टमध्ये टाळा. झेंडा कुठला हे घरच्या माहितीतून पक्कं असेल तर "झेंडा तिरंगा असल्याचे घरच्यांनी सांगितले" असं कॅप्शनमध्ये द्या. फोटोवरून कळलं असं भासवू नका. आणि मूळ कृष्णधवल प्रतही त्याच पोस्टमध्ये दुसरं चित्र म्हणून जोडा.

गोदाकाठ_नांदेड

मूळ जोडतो. चेहऱ्याचं मात्र घरच्यांना पटवणं अवघड आहे, त्यांना सुधारलेलाच आवडतो.

वेबमिस्त्री

ताईंच्या पानासाठी रचना देतो. तिसऱ्या चित्राची:

```html
<figure lang="mr">
  <img src="barav-kalpana.jpg"
    alt="कल्पनाचित्र, बारवेच्या खऱ्या छायाचित्रावर बेतलेले. कठडा, वरच्या पायऱ्या आणि डाव्या भिंतीतला रिकामा देवकोष्ठ खरे आहेत. निम्म्यापर्यंतचे पाणी, पायऱ्यांवरच्या पणत्या आणि घागर घेतलेल्या दोन बायका संगणकाने बनवल्या आहेत.">
  <figcaption>बारव साफ होऊन पाणी साठले तर अशी दिसेल,
    अशी कल्पना. पाणी, पणत्या आणि माणसे खरी नाहीत.</figcaption>
</figure>
```

`lang="mr"` विसरू नका. तयार साच्यावर पान बनवलं की मुळात `lang="en"` असतं आणि कुणाचं लक्ष जात नाही. मग स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावायला जातो आणि मजकूर गाळला जातो किंवा काहीतरीच उच्चार येतात. सगळं पान मराठी असेल तर `<html lang="mr">` एकदाच पुरेसं.

ऑल्टमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह टंकू नका, तिथेच ऑल्ट संपतो आणि उरलेला मजकूर हरवतो. हे हातानं लिहिलेल्या कोडात फार होतं. आणि `alt=""` असं रिकामं ठेवलं की चित्र निव्वळ सजावटीचं ठरतं, वाचक ते वगळून पुढे जातो. बनवलेल्या चित्राला "खरं नाहीच तर काय सांगायचं" म्हणून रिकामं ठेवणारे पाहिलेत. तसं केलं तर खाली "पाणी खरं नाही" हे कॅप्शन ऐकू येतं आणि कुठलं पाणी तेच कळत नाही.

वर्डप्रेस असेल तर आणखी एक. चित्र लेखात घातल्यावर मीडिया लायब्ररीत जाऊन ऑल्ट बदलला तरी लेखातला जुनाच राहतो. लेखातल्या चित्रावर क्लिक करून तिथला ऑल्ट वेगळा बदलावा लागतो. ताईंनी देवकोष्ठ दुरुस्त करून नवं चित्र चढवलं तर हे आवर्जून तपासा.

फोटोओळ_जालना

१२५ चं मागे घेतो. पण मग एक विचारतो. दुसऱ्या चित्राच्या कॅप्शनमध्ये कानोसांनी तार गाळली. कचरा आणि झुडपं काढली एवढंच लिहिलंय, तार फक्त ऑल्टमध्ये. म्हणजे डोळस वाचकाला तार काढल्याचं कळणारच नाही. बातमीच्या छायाचित्रात काही काढणं किंवा घालणं मुळातच चालत नाही, आणि इथे काढलंच आहे तर सगळं सांगा.

लातूरचा_फोटोवाला

तारेचं कुणाला काय पडलंय काका? लग्नाच्या अल्बममधली निम्मी आकाशं पुसलेली असतात. प्रत्येक तार, प्रत्येक डाग लिहायला गेलात तर मुद्द्याची गोष्ट त्या गर्दीत बुडती. माझा नेम असा की उजेड, कातरणं, तिरपा फोटो सरळ करणं, हे सांगायचं नाही. दिवसाची रात्र केली तर सांगायचं.

फोटोओळ_जालना

लग्नाचा अल्बम आणि वर्गणीचं पान एका मापाने मोजू नका. तार बारवेवरून जात असेल तर साफसफाईत शिडी लावणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे. पानावरच्या चित्रात ती नाही म्हटल्यावर श्रमदानाला येणारा बेसावध येणार.

कानोसा

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही, पण मी तारेला देखाव्यातली अडचण समजलो होतो. काकांचं म्हणणं धरलं तर कॅप्शनमध्ये "कचरा, झुडपे आणि विजेची तार" असं यावं. फोटोवाल्यांचंही चूक म्हणवत नाही, ऑल्टमध्ये तार ठेवून मी आधीच लांबण लावलीय. पहिल्या, मूळ चित्राच्या ऑल्टमध्ये मात्र तार हवीच: "बारवेवरून आडवी विजेची तार". त्यावर वाद नाही.

नळदुर्गचा_बुरूज

आणि ऑल्टमध्ये ॲपचं नाव टाकायचं का? कुठल्या ॲपने पाणी भरलं ते?

वेबमिस्त्री

ऐकणाऱ्याला ॲपच्या नावाने काही कळत नाही, "संगणकाने बनवले" पुरे. नोंद ठेवायची तर फाइलच्या आत ठेवा, आयपीटीसीमध्ये त्यासाठी वेगळी खूण आहे. एक्सिफटूलने अशी घालता येते:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/compositeWithTrainedAlgorithmicMedia" barav-kalpana.jpg
```

खऱ्या छायाचित्रात संगणकाने बनवलेले भाग जोडलेत, असा त्याचा अर्थ. स्क्रीन रीडर हे वाचत नाही आणि व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ते गळून पडतं. संग्रहातल्या प्रतीला उपयोगी.

सेलूची_लेक

मास्क लावून तिसरं चित्र दुरुस्त केलं, `Difference` मध्ये देवकोष्ठ आता काळा येतो. दोन्ही ऑल्ट कानोसांनी दिलेत तसेच टाकलेत. कॅप्शनमध्ये तार घालायची की नाही यावर आमच्याकडेही दोन मतं आहेत, महावितरणला तार हलवायचा अर्ज द्यायचा आहे त्यामुळे बहुधा घालू. मोबाइलवर टॉकबॅकने ऐकलं तर "देवकोष्ठ" हा शब्द तुटक येतो, "देव कोष्ट" असा. बदलू का?

कानोसा

तुटला तरी कळतो. मराठवाड्यात बारव माहीत असणाऱ्याला देवकोष्ठ कळेल. पुण्या-मुंबईचे वर्गणीदार जास्त असतील तर "भिंतीतला रिकामा कोनाडा" करा. तडाही लिहिता आला तर बघा, तो खरा आहे आणि दुरुस्तीच्या खर्चात धरावा लागणार आहे.